मित्राला घ्यायला वळसा घातला, तर नेमके किती वाढते?

वाहतूक नियोजनाच्या माझ्या कामात हा एकच गोंधळ वेगवेगळ्या पत्रांतून सतत समोर येतो, म्हणून या वेळी सगळी पत्रे एकत्र घेतली आहेत.

मी सोलापुरात आसरा चौकात राहतो, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतो. सहकारी सैफुल भागात, माझ्यापासून ३.२ किलोमीटरवर राहतो. म्हणजे रोज जाताना सहा-साडेसहा किलोमीटर वाढणार ना?

नाही. सहकाऱ्याच्या घरापर्यंतचे अंतर म्हणजे वाढीव अंतर नव्हे. घर ते सहकारी आणि सहकारी ते कारखाना या दोन अंतरांची बेरीज करा आणि त्यातून घर ते कारखाना हे थेट अंतर वजा करा. आपण मीटरवरून टिपलेले आकडे ३.२, १७.४ आणि थेट १८.६ असे आहेत, म्हणजे वाढ फक्त २ किलोमीटरची आहे. सैफुलला गेल्याने आपण काही अंशी कारखान्याच्या दिशेनेच सरकता, ते अंतर पुढे कमी होते.

दुप्पट अंतर ही वाढीची कमाल मर्यादा आहे आणि सहकारी अगदी उलट दिशेला, उदाहरणार्थ होटगी रस्त्यावर विमानतळाच्या पुढे राहत असेल, तरच ती गाठली जाते. याउलट पुणे रस्त्यावर बाळे येथे राहणारा माणूस आपल्यापासून कितीतरी लांब असूनही हमरस्त्यावर येऊन उभा राहिला, तर अंतर जवळपास वाढतच नाही.

मॅपमध्ये मधला थांबा टाकला तर आठच मिनिटे जास्त दाखवतो. मग मी आठवड्यातून एकदा तरी उशिरा का पोहोचतो?

कारण मॅप फक्त चाकांचा वेळ मोजतो, फाटकाशी थांबण्याचा नाही. सहकाऱ्यापर्यंत ९ अधिक तिथून पुढे ३६ उणे थेट ३७, म्हणजे आठ मिनिटे, हा आपला हिशेब बरोबर आहे. चूक पुढे होते. आपण पाठवलेल्या पाच दिवसांच्या नोंदीत वाट पाहण्याची मिनिटे ०, २, ३, १ आणि १४ अशी आहेत. त्यांची सरासरी चार येते आणि सगळे त्या चारवर निर्धास्त होतात. पण हजेरीच्या यंत्रापुढे सरासरी चालत नाही. आपण आठ अधिक चार अशी बारा मिनिटे आधी निघालात, तर चार दिवस वेळेत पोहोचाल आणि पाचव्या दिवशी, ज्या दिवशी बावीस मिनिटे लागली, दहा मिनिटे उशीर होईल. शिवाय त्या दहा मिनिटांत पुणे नाक्यावरची गर्दी वाढलेली असते, तेव्हा पुढचा ३६ मिनिटांचा प्रवासही ३६ मिनिटांत होत नाही. उशीर उशिराला ओढतो, हे मी अनेक वर्षांच्या नोंदींत पाहिले आहे आणि याच गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते.

म्हणून सहकाऱ्याला दाराशी न घेता मुख्य रस्त्यावर येऊन उभे राहायला सांगा. गल्लीत शिरणे, गाडी वळवणे आणि परत बाहेर पडणे एवढ्यातच दोन-तीन मिनिटे जातात. तसेच किती मिनिटे थांबायचे, हे आधीच ठरवा. तीन मिनिटे पुरेशी आहेत. मात्र हे एकट्याने ठरवू नका, सहकाऱ्याशी आणि आपल्या पाळीच्या पर्यवेक्षकाशी बोलून ठरवा.

संध्याकाळी परतताना तेवढाच वेळ धरू का?

नाही, वेगळा मोजा: दुभाजकामुळे घर रस्त्याच्या पलीकडे पडते, पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावे लागते.

एका कारपूल ॲपने 'फक्त चार मिनिटांचा वळसा' असे दाखवले. विश्वास ठेवावा का?

त्या चार मिनिटांत थांबणे धरले आहे का आणि वेळ सकाळी सातची आहे की दुपारी दोनची, हे विचारल्याशिवाय ठेवू नये. लहान आकडा दाखवला की जोडी लवकर जुळते, आणि जोडी जुळण्यातच अशा ॲपचा फायदा असतो. आपण प्रत्यक्ष निघता त्या वेळेला निदान पाच कामाचे दिवस घड्याळ लावून नोंद करा आणि मग निर्णय घ्या.

वळशाचे पेट्रोल वाया जाते, असे शेजारी म्हणतात. सहकाऱ्याकडून पैसे घ्यावेत का?

शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकीव आहे. पहिल्या पत्रातलेच आकडे घेतले, तर दोन गाड्या मिळून ३६ किलोमीटर धावल्या असत्या, एक गाडी २०.६ किलोमीटर धावते. सहकारी एरवी तेवढेच इंधन लागणारी स्वतःची गाडी नेत असेल, तर वळसा त्याच्या स्वतःच्या प्रवासापेक्षा लहान असेपर्यंत एकूण इंधन वाचतेच. पैशांबाबत मात्र सावध राहा. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. खर्च वाटून घेणे आणि भाडे घेणे यांतली रेषा आपल्या बाबतीत कुठे पडते, हे विमा कंपनीला लेखी विचारा आणि आरटीओतही खात्री करून घ्या. तोपर्यंत आठवड्याआड एकमेकांच्या गाडीने जा.