गोणीवर ६० टक्के, वहीत ५२ टक्के : खतातल्या मूलद्रव्याचा हिशेब

प्रश्न १ : साहेब, मुलगी नववीत आहे. संयुगातल्या मूलद्रव्याची शेकडेवारी शाळेत शिकवली, तर तिने घरातल्या खतांवर हिशेब करून पाहिला. युरियात नायट्रोजन ४६.६७ टक्के आला, गोणीवर ४६ आहे. ते जमलं म्हणायचं. पण म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम ५२ टक्के येतं आणि गोणीवर ६० छापलंय. तिचं गणित चुकलं की गोणी खोटी?

प्रश्न २ : झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या आणल्या. नाव एकच, पण एकीवर २१ टक्के आणि दुसरीवर ३३ टक्के. २१ टक्केवालीत भेसळ असेल का?

उत्तर : मुलीचं गणित बरोबर आहे आणि गोणीही खोटी नाही. तिला जी शंका आली ती मात्र फार नेमकी आहे, म्हणून आधी युरियाचा हिशेब नीट पाहू आणि मग पोटॅशकडे वळू.

युरियाचं सूत्र CO(NH₂)₂. कंसाबाहेरचा २ कंसातल्या सगळ्यांना लागू होतो, म्हणून एका रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २ आणि हायड्रोजन ४, असे एकूण ८ अणू. अणुवस्तुमानं अनुक्रमे १२, १६, १४ आणि १ घेतली की रेणुवस्तुमान १२ + १६ + २८ + ४ = ६० येतं. त्यातला नायट्रोजनचा वाटा २८. म्हणजे २८ ÷ ६० × १०० = ४६.६७ टक्के.

इथे अणूंची संख्या आणि वस्तुमान यांची गल्लत होऊ देऊ नका. युरियाच्या आठ अणूंपैकी चार हायड्रोजनचे आहेत, म्हणजे संख्येने निम्मे. पण वस्तुमानात हायड्रोजनचा वाटा जेमतेम ६.६७ टक्के, कारण त्याचा अणू सगळ्यात हलका. नायट्रोजनचे अणू दोनच असूनही जवळजवळ निम्मं वजन त्यांचं आहे. आपण खत वजनाने टाकतो, म्हणून आपल्याला वस्तुमानाची टक्केवारीच लागते.

विद्यार्थी सहसा कंसापाशी चुकतात. बाहेरचा २ नजरेतून सुटला की रेणुवस्तुमान ४४ आणि नायट्रोजन १४ धरला जातो, आणि उत्तर ३१.८ टक्के येतं. सगळ्या मूलद्रव्यांच्या टक्क्यांची बेरीज १०० येते का ते बघा, असं शाळेत सांगतात. ती सवय चांगलीच आहे, पण तिने ही चूक सापडत नाही. चुकीच्या सूत्रातले सगळे वाटे त्याच चुकीच्या ४४ ने भागले, तर त्यांचीही बेरीज १०० च येणार. बेरजेने भागाकारातली चूक कळते, सूत्र वाचण्यातली कळत नाही. म्हणून टक्के काढण्याआधी अणू मोजून घ्यावेत. युरियात ते आठ भरले पाहिजेत.

आता ४६.६७ आणि ४६ यांतला फरक. सूत्रावरून निघणारी टक्केवारी शंभर टक्के शुद्ध पदार्थाची असते. गोणीत थोडा ओलावा असतो, कधी दाण्यांवर आवरण असतं, आणि थोडं बाययुरेट असतं. युरिया बनवताना तापमानामुळे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन अमोनिया सुटला की बाययुरेट तयार होतं. त्यात नायट्रोजन सुमारे ४०.८ टक्के असतो, त्यामुळे तेही एकूण आकडा जरा खाली ओढतं. म्हणजे गोणीवरचा आकडा सूत्राच्या आकड्यापेक्षा थोडा कमी असणं हे अगदी स्वाभाविक आहे.

सूत्राचा आकडा ही वरची मर्यादा आहे. गोणीवरचा आकडा तिच्या खाली राहू शकतो, वर जाऊ शकत नाही. म्हणूनच पोटॅशच्या गोणीवर ६० पाहून मुलीला खटकलं, ते योग्यच होतं.

म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, KCl. पोटॅशियम ३९.१ आणि क्लोरीन ३५.५, मिळून ७४.६. पोटॅशियमचा वाटा ३९.१ ÷ ७४.६ × १०० = ५२.४ टक्के. खत कितीही शुद्ध असलं तरी १०० किलोत ५२.४ किलोपेक्षा जास्त पोटॅशियम मावणार नाही. मग ६० कशाचे? गोणीवर टक्केवारीच्या शेजारी काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. बहुधा तिथे K₂O किंवा पालाश असं असेल. तो आकडा पोटॅशियमचा नसून पोटॅशियम ऑक्साईडच्या रूपात मोजलेल्या पोटॅशियमचा आहे.

यातली विचित्र वाटणारी गोष्ट अशी की KCl मध्ये ऑक्सिजनचा एकही अणू नाही. त्या गोणीत K₂O नावाचा पदार्थ शोधून सापडायचा नाही. ही मोजण्याची जुनी रीत आहे. पूर्वीचे रसायनतज्ज्ञ वनस्पती जाळून उरलेल्या राखेचं पृथक्करण करायचे आणि तिच्यातली खनिजं ऑक्साईडच्या रूपात मांडायचे. ती पद्धत खतांच्या व्यवहारात रुजली आणि आजही बहुतेक देशांत चालू आहे. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी मात्र थेट मूलद्रव्याची टक्केवारी लिहितात. त्यामुळे कुठलाही आकडा वाचताना तो कशाचा आहे हे आधी पाहावं लागतं.

आता दोन्ही आकडे एका मापात आणू. K₂O मध्ये पोटॅशियमचे दोन अणू, म्हणजे ७८.२, आणि ऑक्सिजनचा एक, म्हणजे १६. बेरीज ९४.२. पोटॅशियमचा वाटा ७८.२ ÷ ९४.२ = ०.८३. म्हणून गोणीवरचे ६० गुणिले ०.८३ केले की ४९.८ टक्के पोटॅशियम मिळतं. हे ५२.४ च्या खाली आहे, म्हणजे मर्यादा मोडलेली नाही. ४९.८ ला ५२.४ ने भागलं तर ०.९५ येतं, म्हणजे गोणीतला माल साधारण ९५ टक्के पोटॅशियम क्लोराईड आहे. उरलेल्यात मुख्यतः साधं मीठ आणि थोडा ओलावा. मुलीच्या वहीतल्या एका भागाकारावरून खताची शुद्धता निघाली, हे तिला जरूर दाखवा.

स्फुरदाचंही असंच आहे. गोणीवर P₂O₅ ची टक्केवारी असते आणि तिला ०.४४ ने गुणलं की फॉस्फरसची मिळते. नायट्रोजन मात्र मूलद्रव्य म्हणूनच लिहितात. युरियाचा आकडा लगेच जुळला आणि पोटॅशचा अडला, तो यामुळेच.

शेतात हा फरक किती पडतो ते पाहा. समजा शिफारस हेक्टरी ५० किलो पालाशची, म्हणजे K₂O ची आहे. ५० ÷ ०.६० = सुमारे ८३ किलो खत लागेल. तोच ५० चा आकडा कोणी पोटॅशियम समजला, तर ५० ÷ ०.४९८ = सुमारे १०० किलो खत पडेल, म्हणजे हेक्टरी १७ किलो जादा. शिवाय त्या खताच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग क्लोरीनचा आहे, त्यामुळे तंबाखूसारख्या पिकात हे जादा खत गुणवत्तेला मारक ठरतं. शिफारस आणि गोणी दोन्ही K₂O मध्ये असतील तर काहीच बदलायचं नाही, सरळ ०.६० ने भागायचं. शाळेत शिकलेलं रूपांतर उत्साहाने इथेही केलं तर मात्रा चुकते. आणि भागायच्या ऐवजी गुणण्याची चूक मोठी माणसंही करतात. लागणारं खत अन्नद्रव्याच्या किलोपेक्षा नेहमी जास्तच भरायला हवं. ५० किलो पालाशसाठी ३० किलो खत असं उत्तर आलं, तर गुणाकार झाला आहे हे समजा.

आता झिंक सल्फेट. २१ टक्के आहे म्हणून भेसळ, असं म्हणता येणार नाही. दोन्ही पिशव्यांत झिंक सल्फेटच आहे, फरक त्यातल्या पाण्याचा आहे. हे ओलाव्याचं पाणी नव्हे. ते स्फटिकाच्या रचनेतच ठरलेल्या प्रमाणात बसलेलं असतं, म्हणून पदार्थ हाताला कोरडा लागतो. एका प्रकारात झिंक सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे सात रेणू असतात, ZnSO₄·7H₂O. दुसऱ्यात एकच, ZnSO₄·H₂O.

पहिल्याचं वस्तुमान : झिंक ६५.४, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४ आणि सात पाणी १२६, मिळून २८७.४. झिंक ६५.४ ÷ २८७.४ × १०० = २२.८ टक्के. पाणी एकट्याने ४३.८ टक्के जागा घेतं. दुसऱ्यात १२६ च्या जागी १८ येतात, बेरीज १७९.४ होते आणि झिंक ३६.५ टक्के होतं. पिशव्यांवरचे २१ आणि ३३ हे आकडे आपापल्या मर्यादेच्या थोडे खाली आहेत, म्हणजे दोन्ही शक्य आहेत. विद्यार्थ्यांनी सूत्रातलं टिंब आणि त्यापुढचं पाणी बेरजेत धरायला विसरू नये. ते सोडलं तर झिंक ४०.५ टक्के येतं आणि दोन्ही पिशव्या उगाच संशयास्पद वाटतात.

मात्रा ठरवताना झिंक किती जातं ते पाहा. २१ टक्केवाल्या २५ किलोत ५.२५ किलो झिंक आहे. तेवढंच ३३ टक्केवाल्यातून द्यायला ५.२५ ÷ ०.३३ = सुमारे १६ किलो पुरे. पिशवी बदलली आणि २५ किलोच टाकले, तर झिंक दीडपटीहून जास्त होईल. सात पाण्याचा प्रकार कोरड्या हवेत उघडा राहिला तर थोडं पाणी सोडतो. त्याचं वजन घटतं आणि झिंकची टक्केवारी वाढते, पण पिशवीतलं एकूण झिंक तेवढंच राहतं.

या हिशेबाची एक मर्यादाही सांगतो. पिशवीवरचा आकडा शक्य आहे की नाही एवढंच त्यातून कळतं, आत खरोखर काय भरलंय ते कळत नाही. मॅग्नेशियम सल्फेटचे स्फटिक झिंक सल्फेटसारखेच दिसतात आणि भेसळीला वापरले जातात. त्याच्याही एका रूपात पाण्याचे सात रेणू असतात, झिंक मात्र शून्य. याची ढोबळ तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करता येते. खत पाण्यात विरघळवून त्यात सोडियम हायड्रॉक्साईडचं पातळ द्रावण थेंब थेंब टाकलं की दोन्ही क्षारांत पांढरा साका येतो. द्रावण आणखी घालत गेलं की झिंकचा साका विरघळून पाणी पुन्हा स्वच्छ होतं. मॅग्नेशियमचा साका तसाच राहतो. साका पूर्ण विरघळला नाही, तर पिशवी शिल्लक ठेवा, पावती जपा आणि नमुना खत तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवा. झिंक नक्की किती टक्के आहे ते तिथल्या अहवालातच येईल.