ड्राय रननंतर वर्कफ्लो थेट लाइव्ह करावा का?

थकीत बिलांचे रिमाइंडर मेल आपोआप जाण्यासाठी वर्कफ्लो बनवलाय. ड्राय रन नीट झाला. आता लाइव्ह करू का?

इतक्यात नको, आधी डमी खात्यावर तो खरोखर, लागोपाठ दोनदा चालवा. ड्राय रनमध्ये मेल जात नाही, त्यामुळे 'पाठवला' ही नोंदही सहसा होत नाही. कोणाला मेल जाणार ते दिसतं, त्यालाच उद्या परत जाणार का, ते दिसत नाही. आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

डमी खात्यात तीन ग्राहक पुरेत: पहिल्याचं बिल थकलेलं पण ईमेलचा रकाना रिकामा, दुसऱ्याचं बिल थकलेलं, तिसऱ्याचं भरलेलं. रिकामा मुद्दाम वर ठेवा, म्हणजे वर्कफ्लो तिथेच अडकतो की पुढे जातो ते कळेल. जीमेल वापरत असाल तर tumchenav+test1@gmail.com असे पत्ते द्या, सगळं तुमच्याच इनबॉक्समध्ये येतं. पहिल्या फेरीत एकच मेल यायला हवा, दुसरीत एकही नाही. आलाच, तर नोंद लिहिणारी पायरी तपासा.

मात्र तीन ग्राहकांवर मेल सेवेची पाठवण्याची मर्यादा कळत नाही. म्हणून लाइव्ह केल्यावरही पहिल्या फेरीला दहा नोंदींचंच बंधन घाला.