साध्या मजकुरातून पटकथा: आधी पात्रांची नावं

साध्या मजकुराची फाइल फाउंटन या पटकथा लिहिण्याच्या साध्या खुणांच्या पद्धतीत आणताना समासाच्या मागे लगेच लागू नका. डावीकडे दीड इंच, बाकी बाजूंना एक इंच, हे फाउंटन वाचणारं सॉफ्टवेअर स्वतःच सांभाळतं. स्पेस मारून संवाद मध्ये ढकलायचा मोह मात्र टाळा, कारण फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं.

खरी अडचण नावांची आहे. रोमन लिपीत मोठ्या अक्षरांवरून पात्र ओळखलं जातं. देवनागरीत तशी अक्षरं नाहीत, म्हणून नावाआधी `@` लावा:

```
INT. स्वयंपाकघर - रात्र

@सुमन
दार कोणी उघडलं?
```

मूळ फाइलमधल्या ‘सुमन: दार कोणी…’ अशा ओळी तोडून नाव वेगळ्या ओळीवर घ्या आणि विसर्गचिन्हासारखे ते दोन ठिपके काढा. नावाच्या वर रिकामी ओळ हवीच, खाली अजिबात नको. पीडीएफमध्ये संवाद डाव्या समासाला चिकटलेला दिसला, तर बहुधा तिथेच चुकलंय.