तो मेसेज आज रात्री पाठवू नकोस

अरे, तुझ्या एक्सला पाठवायच्या माफीच्या मेसेजचा ड्राफ्ट दोनदा वाचला. तू तो मला रात्री दीडला पाठवलास आणि त्या वेळची घालमेल ओळीओळीत दिसतेय. तिला सकाळी उठल्या उठल्या हाच मेसेज दिसला असता, खाली वेळ दीडची, तर तिच्या मनात पहिलं हेच आलं असतं की याला रात्री एकटं वाटलं म्हणून माझी आठवण झाली.

आता मजकूर बघ. 'मी चुकलो, पण तूही समजून घ्यायला हवं होतंस.' त्या 'पण'ने आधीची माफी पुसून टाकली ना. आणि चुकलो म्हणजे नक्की कुठे? तिचे बाबा हॉस्पिटलमध्ये असताना तू चार दिवस तिचे फोन उचलले नाहीस, हे तूच मला सांगितलंस, मग तेच लिही, कारण पाच महिने ती तेच आठवत बसली असणार. शेवटी विचारलंयस 'आपण परत एकत्र येऊ शकतो का?' एवढ्या मोठ्या प्रश्नाला मेसेजवर हो म्हणणं कठीण, नाही म्हणणंही जड जातं, म्हणून माणूस गप्पच राहतो.

मी एवढंच लिहिलं असतं:

'बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी तुझे फोन उचलले नाहीत. तुला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा मी पळ काढला. त्याबद्दल मनापासून सॉरी. तुला कधी बोलावंसं वाटलं तर मला ऐकायला आवडेल, नाही वाटलं तरी मी समजू शकतो.'

बस. तुला किती त्रास झाला, झोप लागत नाही, हे यात नको. खरं आहे ते, मला माहितेय, पण ते वाचलं की तुला सावरायची जबाबदारी तिच्यावर येते.

हे लिहून तीन दिवस ठेव आणि रोज सकाळी वाच, तिचा फोटो किंवा स्टेटस बघून लगेच तर अजिबात पाठवू नकोस. तिसऱ्या सकाळीही तेच म्हणायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी, जरा उशिरा सकाळी पाठव, तिला दिवसभर विचार करायला मोकळीक राहील. वाढदिवसाला नको, त्या दिवशी तिला उत्तर देणं भाग पडल्यासारखं होतं. आणि तिने संपर्क करू नको असं सांगितलं असेल किंवा ब्लॉक केलं असेल तर हा मेसेज जायचाच नाही, मित्राच्या फोनवरूनही नाही.

पाठवल्यावर दुसरा मेसेज नाही. मी एकदा दोनच दिवसांनी 'वाचलंस ना?' असं टाकलं होतं, आणि जी माफी मागितली होती तिचाच तगादा झाला, समोरून जे काही येणार होतं तेही आलं नाही. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, तर ती विचार करतेय किंवा तिला बोलायचं नाहीये, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तेव्हा चॅट अर्काइव्हमध्ये टाक आणि मला फोन कर.