नकाराच्या ईमेलला उत्तर: दार उघडं ठेवणारं आणि एकच नेमका प्रश्न विचारणारं

प्रश्न: पणजीतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादकाच्या जागेसाठी अनुवादाची चाचणी आणि मुलाखत दिली होती. काल मनुष्यबळ विभागाचा ईमेल आला: 'यावेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढील संधींसाठी आपला विचार करू.' मला अजूनही तिथेच काम करायचं आहे. उत्तर द्यावं का, काय लिहावं, आणि कुठे कमी पडले हे विचारलं तर चालतं का?

उत्तर:

उत्तर द्याच, आणि उद्या-परवापर्यंत द्या. आठवड्याने गेलेला ईमेल वाचणाऱ्याला तुमची चाचणी आठवत नसते, मग तो अभिप्राय काय देणार? मात्र मिळाल्या मिळाल्या, मन दुखावलेलं असताना लिहू नका. रात्री मसुदा करा आणि सकाळी एकदा मोठ्याने वाचून पाठवा. संध्याकाळी सहानंतर मात्र पाठवू नका. तेव्हा डेस्कवर पानं लावायची घाई असते. मनुष्यबळ विभागाने तुमचा प्रश्न वृत्तसंपादकांकडे पुढे पाठवला तरी तो तिथेच पडून राहील. सकाळी अकरा ते एक ही वेळ बरी.

ज्या ईमेलने नकार आला, त्यालाच उत्तर द्या. नवा ईमेल सुरू करू नका आणि विषयाची ओळ बदलू नका. पुढे आपोआप येणारं `Re:` तसंच राहू द्या. पुढे कधी कुणी तुमचं नाव शोधलं, तर अर्ज, मुलाखतीचं बोलावणं, नकार आणि तुमचं उत्तर एकाखाली एक दिसावं, म्हणून हे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात `noreply` असेल तर ते उत्तर कुणीच वाचणार नाही. अशा वेळी मुलाखतीला बोलावणारा आधीचा ईमेल उघडा आणि त्याला उत्तर द्या. वृत्तसंपादकांना वेगळी प्रत लावू नका. त्यांनी स्वतःहून आपला पत्ता दिला असेल तरच त्यांना लिहावं, तेही वेगळं आणि दोन ओळींचं.

तुमच्या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ईमेल मनुष्यबळ विभागाने पाठवला असला तरी चाचणीचा कागद डेस्कवरच्या कुणीतरी तपासला आहे. म्हणून 'माझी निवड का झाली नाही' हा प्रश्न दोन्हीकडे अडतो. मनुष्यबळ विभागाला कारण नेमकं माहीत नसतं, आणि डेस्कवरच्या माणसाला त्याचं उत्तर द्यायचं तर तुमची दुसऱ्या उमेदवाराशी तुलना करावी लागते. ती लेखी द्यायला कुठलीही संस्था कचरते, कारण त्यातून वाद निघू शकतो. याउलट 'अनुवादात मी आधी काय सुधारावं' या प्रश्नात तुलना नाही, निर्णयावर बोट नाही, आणि कागद पाहिलेला माणूस एका मिनिटात उत्तर देऊ शकतो. म्हणून प्रश्न एकच विचारा, तो तुमच्या कामाबद्दलचा असावा आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं असावं. 'माझं काय चुकलं, मुलाखत कशी झाली, भाषा कशी वाटली' असे तीन प्रश्न एकत्र गेले की बहुतेक वेळा एकाचंही उत्तर येत नाही.

मसुदा साधारण असा असावा. तुमच्या मुलाखतीतले तपशील घालून घ्या:

> नमस्कार मॅडम,
>
> निर्णय कळवल्याबद्दल आभार. चाचणी आणि मुलाखतीसाठी संपादकीय विभागाने वेळ दिला. तालुक्यांची पानं कशी लावली जातात, हे वृत्तसंपादकांनी समजावून सांगितलं. ते मला उपयोगी पडेल.
>
> निवड न झाल्याचं वाईट वाटलं, पण तुमच्याकडे काम करण्याची इच्छा कायम आहे. याच जागेबाबत काही बदल झाला किंवा पुढे उपसंपादक अथवा मुद्रितशोधकाची जागा निघाली, तर जरूर कळवावं. मी ३० दिवसांच्या नोटिशीवर रुजू होऊ शकते.
>
> एक छोटी विनंती आहे. अनुवादाच्या चाचणीत मी सर्वांत आधी काय सुधारावं, हे तपासणाऱ्यांकडून एका ओळीत कळलं तर मदत होईल. असं कळवण्याची पद्धत नसेल तर हरकत नाही.
>
> आपली,
> (पूर्ण नाव)
> (मोबाईल क्रमांक)

हे शंभर शब्दांच्या आसपास आहे आणि यापेक्षा फार वाढवू नये. मोबाईलवर एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे, विनंतीसुद्धा.

पहिल्या परिच्छेदातला तालुक्याच्या पानांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. नुसत्या 'आपल्या बहुमूल्य वेळेबद्दल शतशः आभार'ने वाचणाऱ्याला काहीच आठवत नाही. मुलाखतीत खरोखर झालेली एक गोष्ट लिहिली की त्याला तुमचा चेहरा आठवतो. तशी गोष्ट आठवत नसेल तर ते वाक्य गाळा, पण कौतुक रचून लिहू नका.

'याच जागेबाबत काही बदल झाला' हे शब्द अनेकांना लाजिरवाणे वाटतात. ते ठेवा. निवडलेला माणूस आधी जिथे काम करतो तिथली नोटीस संपेपर्यंत महिना-दोन महिने जातात, आणि तेवढ्यात त्याचा विचार बदलू शकतो. कधी जुनीच कंपनी पगार वाढवून देते. मग डेस्कला माणूस तातडीने हवा असतो आणि पुन्हा जाहिरात द्यायला वेळ नसतो. तुम्ही यादीत दुसऱ्या होतात की पाचव्या, हे तुम्हाला कळणार नाही. पण तुमची तयारी आणि नोटिशीचा काळ लेखी असेल तर फोन करणाऱ्याचं काम सोपं होतं. नोटिशीचे दिवस खरेच लिहा. तिथे १५ लिहून नंतर ६० निघाले, तर मिळालेली दुसरी संधीही जाते.

कुठल्या जागा चालतील हेही नावाने लिहा. 'कोणतीही जागा चालेल' असं लिहिलं की जाहिरात विभाग की डेस्क, कुठे विचार करायचा हे समजत नाही, म्हणून कुठेच होत नाही. मुद्रितशोधकाचं काम नको असेल तर तो शब्द काढा. नको असलेलं काम उगाच लिहून ठेवलं, तर बोलावणं आल्यावर नकार द्यायची वेळ तुमच्यावर येते.

शेवटचं 'हरकत नाही' हे वाक्य नुसती सभ्यता म्हणून घातलेलं नाही. काही ठिकाणी अभिप्राय न देण्याचा नियमच असतो. हे वाक्य नसेल तर तिथल्या माणसाला नियम सांगणारं अवघड पत्र लिहावं लागतं, आणि मग तो काहीच लिहीत नाही.

आता भाषेबद्दल, कारण तुम्ही दैनिकाच्या डेस्कला लिहिताय. हा ईमेल तिथे तुमच्या कामाचा नमुना म्हणूनच वाचला जाणार. 'माहीती', 'प्रक्रीया', 'दैनीक' असं एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर नकार बरोबरच होता असं वाचणाऱ्याला वाटेल. 'सविनय', 'कृपाभिलाषी' असली अर्जाची भाषा नको. 'पुनर्विचार व्हावा' तर अजिबात नको, त्याने दार बंदच होतं. गोव्यात तोंडी आपण सहज बाब, बाय म्हणतो, पण पहिल्या कार्यालयीन ईमेलमध्ये सर किंवा मॅडम बरं. खाली नुसतं 'मनुष्यबळ विभाग' असेल तर केवळ 'नमस्कार' लिहा, नावाचा अंदाज बांधू नका. पुन्हा बायोडेटाही जोडू नका, तो त्यांच्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास घडते: ईमेल पाठवायचा आणि शिवाय ओळखीतल्या कुणाला तरी 'जरा विचारून बघ' म्हणून संपादकांना फोन करायला लावायचा. करू नका. गोव्यातलं मराठी पत्रकारितेचं वर्तुळ लहान आहे, आज इथे असलेला माणूस उद्या दुसऱ्या दैनिकात दिसतो. तुमचा शांत ईमेल त्या एका फोनमुळे दबाव वाटू लागतो. संपादकांच्या व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न टाकणंही तसंच.

समजा चार दिवसांनी उत्तर आलं: 'गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिलीत, मथळेही लांब होते.' इथे समजावून सांगायचा मोह होईल, की वेळ कमी होता किंवा शब्दकोश वापरायला दिला नव्हता. त्यातलं काही लिहू नका. 'आभारी आहे. नावांचा मुद्दा लक्षात आला, त्यावर काम करते,' एवढंच लिहा आणि तिथेच थांबा. पुढचा प्रश्नही विचारू नका.

अशा ओळीचा उपयोग मात्र पुरेपूर करता येतो. इंग्रजी प्रसिद्धीपत्रकात `Bicholim` दिसलं की मराठी पानावर डिचोली यायला हवं, `Sanquelim` म्हणजे साखळी, `Canacona` म्हणजे काणकोण, `Quepem` म्हणजे केपे, `Cuncolim` म्हणजे कुंकळ्ळी. 'बिचोलिम' छापून गेलं तर सकाळी वाचकांचे फोन येतात, म्हणून डेस्कला ही चूक व्याकरणाच्या चुकीपेक्षा जास्त बोचते. बाराही तालुक्यांची आणि त्यांतल्या मोठ्या गावांची नावं दोन्ही लिप्यांत लिहून काढा. मग रोज एक सरकारी इंग्रजी प्रसिद्धीपत्रक मराठीत करा आणि त्याला एका ओळीत मावणारा मथळा द्या.

उत्तर आलंच नाही तर अभिप्रायाची आठवण करू नका. जागेत रस आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं आहे, आणि आठवण केली की विनंतीचा तगादा होतो. तीन-चार महिन्यांनी, किंवा त्याआधी जाहिरात दिसली तर तेव्हा, त्याच ईमेलच्या खाली लिहा: 'मार्चमध्ये उपसंपादक पदाची चाचणी दिली होती. त्यानंतर प्रसिद्धीपत्रकांच्या अनुवादाचा सराव केला, दोन नमुने जोडत आहे. नव्या जागेसाठी माझा विचार व्हावा.' नमुने दोनच जोडा. एकात गावांची नावं भरपूर असू द्या, दुसऱ्यात आकडे असलेली बातमी. मूळ इंग्रजी मजकूरही प्रत्येकाखाली ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला तो शोधत बसावं लागणार नाही.