फुग्यात मराठी संवाद मावत नाही, काय करावं?

*प्रश्न: म्हापशातल्या आमच्या वाचनालयातल्या मुलांसाठी, परवानगी घेऊन, एक इंग्रजी कॉमिक मराठीत करतोय. अक्षर बारीक केलं तरी ओळी फुग्याबाहेर जातात. फुगा मोठा करू का?*

फुग्याला हात लावू नका, मागचं चित्र झाकलं जाईल. अडचण रुंदीपेक्षा उंचीची आहे. कॉमिकमधलं इंग्रजी बहुतेक वेळा सगळं कॅपिटलमध्ये असतं, त्याला वर-खाली काही लोंबत नाही. त्यामुळे ९ पॉइंटच्या ओळी १० पॉइंटच्या अंतरावर बसतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून ९ पॉइंटला साधारण १३ पॉइंटचं अंतर द्यावं लागतं. थोडक्यात, इंग्रजीच्या चार ओळींच्या जागेत मराठीच्या तीनच बसतात. तेव्हा कात्री आधी भाषांतराला लावा, अक्षराला नंतर.

समजा मूळ वाक्य आहे ‘आय टोल्ड यू नॉट टू ओपन दॅट डोअर!’ शब्दशः केलं तर ‘मी तुला ते दार उघडू नकोस असं सांगितलं होतं!’ होतं. ‘मी’ आणि ‘तुला’ प्रसंगावरून कळतात, दार चित्रात दिसतंय, मग ‘ते’ही गेलं. उरलं ते असं मांडा:

दार उघडू
नकोस म्हटलं
होतं ना!

मधली ओळ सगळ्यात लांब असली की मजकूर लंबगोलात आपोआप बसतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘होतं ना’सारखं आखूड शेपूट खालच्या निमुळत्या जागेत छान जातं. उलट ‘उघडण्यासाठीसुद्धा’सारखा लांब शब्द पहिल्या ओळीत आला तर कोपरे कडेला टेकतात; तो मधे आणा किंवा ‘उघडायलाही’ करा. शब्द तोडून जोडरेघ देऊ नका, मुलं अडखळतात. (गोव्यातली बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, त्यांना तर तुटलेला शब्द जास्तच जड जातो.)

मग ओळींमध्ये काय भिडतंय ते बघा. वरच्या उदाहरणात ‘डू’चा ऊकार खालच्या ‘लं’च्या अनुस्वाराला लागू शकतो. तसं झालं तर सगळं अंतर न वाढवता ती एकच ओळ किंचित डावी-उजवी सरकवा. मजकूर आणि फुग्याची कड यांत निदान एका अक्षराएवढी जागा मोकळी ठेवा.

अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच असू द्या. इंग्रजीत ते वाढवून ओळ भरतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेघ तुटते. अक्षर आडवं दाबायचं तर ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ नका, जोडाक्षरं चिकटतात.

फोटोशॉपमध्ये ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे पडत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर दोष फाँटचा नसण्याचीच शक्यता जास्त. Preferences मधल्या Type मध्ये पर्याय दिसत असेल तर World-Ready Layout निवडा, अजून जुन्या आवृत्तीत Middle Eastern and South Asian. फाँट म्हणाल तर ‘कलाम’ हस्ताक्षरासारखा, ‘बालू’ ठसठशीत. दोन्ही मोफत मिळतात. ओरडण्याच्या फुग्यांना मी ‘बालू’ घेईन.