सकाळी, सोमवारी, रात्री: इन, ऑन की ॲट?

प्रश्न: मुलगा सहावीत, सेमी इंग्रजीला. घटक चाचणीत ‘सकाळी’ला इन लिहिलं ते बरोबर आलं, पण ‘सोमवारी सकाळी’लाही इनच लिहिलं तर चूक दिलं. नक्की पाठ काय करून घ्यायचं?

उत्तर: बाईंनी चूक दिलं ते योग्यच. आमच्याकडे शिकवणीला येणारी निम्मी पोरं इथंच अडकतात. कारण मराठीत ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ या तिन्ही शब्दांना एकच शेपूट आहे. इंग्रजीत मात्र तिघांची तीन रूपं होतात: इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. त्यामुळे मराठी अर्थ लावून रिकामी जागा भरली की मार्क गेलाच.

त्याला एकच सवय लावा. रिकाम्या जागेनंतरच्या शब्दांत वार किंवा तारीख आहे का, ते आधी बघायचं. असेल तर ऑन. मग पुढे मॉर्निंग असो नाहीतर नाइट, वाराचंच चालतं: ऑन मंडे मॉर्निंग, ऑन मंडे नाइट. घड्याळातली वेळ आली तर तिचं ॲट वेगळं राहतं, म्हणून ‘सोमवारी सहा वाजता’ म्हणजे ॲट सिक्स ऑन मंडे.

तारखांसाठी मी आपल्या हुतात्मा चौकाचं उदाहरण घेते, पोरांना ते माहीत असतं. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवडा तुरुंगात फाशी दिली, ती 12 जानेवारी 1931 रोजी. नुसतं साल दिलं तर इन 1931. नुसता महिना दिला तर इन जानेवारी. त्यात 12 हा आकडा आला की ऑन 12 जानेवारी 1931, मागे साल असलं तरी. आणि त्या दिवशीची सकाळ म्हणायची असेल तर ऑन द मॉर्निंग ऑफ 12 जानेवारी. इथे मॉर्निंग आधी दिसते म्हणून पोरं हमखास इन लिहितात.

अजून एक सापळा: नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांपैकी काही वारापुढे असेल तर काहीच लागत नाही. ‘आय विल कम नेक्स्ट मंडे’, बस्स. चुका दुरुस्त करण्याच्या प्रश्नात हे ‘ऑन नेक्स्ट मंडे’ असं मुद्दाम देतात.

जागेचं थोडक्यात सांगते. टेबलावर, भिंतीवर यांना ऑन बरोबर, कारण वस्तू खरंच पृष्ठभागाला टेकलेली असते. पण आपण ‘स्टेशनवर उभा आहे’, ‘स्टँडवर भेटू’ असंही म्हणतो, आणि तिथला ‘वर’ फसवा आहे. ते भेटायचं ठिकाण, म्हणून ॲट द स्टेशन, ॲट द बस स्टँड. शहराला इन: इन सोलापूर. ‘झाडावर चिमणी बसली’ यालाही इंग्रजीत इन द ट्री लागतं, कारण चिमणी फांद्यापानांच्या आत असते. झाडावरचा आंबा मात्र ऑन द ट्री. हे माझ्या मुलीला पटवताना मलाच आंब्याचं चित्र काढावं लागलं होतं.

नियमांचा कागद भिंतीला चिकटवू नका. जुन्या चाचण्यांतली दहा वाक्यं घ्या आणि उत्तर लिहिण्याआधी त्याला फक्त वाराखाली, तारखेखाली रेघ मारायला सांगा.